कूलरची तक्रार फोनवर घेताना

आधी "नमस्कार", मग दुकानाचं नाव, मग आपलं. पहिला शब्द बहुतेकदा ऐकूच जात नाही, म्हणून नाव मागे ठेवायचं.

मे महिन्यात नागपूरच्या महालातले काका तापूनच बोलतात. मध्येच "टाकीत पाणी आहे का?" विचारू नका. त्यांचं होऊ द्या, पण अधूनमधून "हं, लिहून घेतोय" म्हणा. नाहीतर लाइन कटली समजून ते "हॅलो, हॅलो" सुरू करतात. मग त्यांच्याच शब्दांत परत सांगा: "पंखा फिरतो, पण खस कोरडीच राहते. बरोबर ना, काका?" म्हणजे मिस्त्री पंप सोबत घेऊनच निघेल.

"लगेच पाठवतो" नको. "उद्या 11 ते 1 मध्ये येईल, निघताना फोन करेल," असं सांगा. "अजून काही, काका?" विचारा आणि फोन आधी त्यांना ठेवू द्या.