प्रवर्तकांची शेअरखरेदी पाहून वॉचलिस्ट कशी गाळावी, आणि ती माहिती आपल्यापर्यंत किती उशिरा येते

कंपनीचे प्रवर्तक किंवा संचालक स्वतःच्या खिशातले पैसे घालून बाजारातून शेअर घेतात, तेव्हा ती नोंद एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. यादीतल्या दोनशे कंपन्यांपैकी अभ्यासाला कोणत्या दहा घ्यायच्या, हे ठरवायला ती फार उपयोगी पडते. मात्र ती खरेदीचा इशारा नव्हे. नोंद आपल्यासमोर येते तेव्हा व्यवहार होऊन काही दिवस उलटलेले असतात. हा उशीर मोजता आला तरच यादीचा नीट उपयोग होतो, म्हणून सुरुवात त्यापासूनच करू.

बाजार नियामक सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत कळवण्याचे दोन टप्पे आहेत. प्रवर्तक, प्रवर्तक गटातली व्यक्ती, संचालक किंवा कंपनीने नेमून दिलेला अधिकारी, यांच्यापैकी कुणाचेही एका तिमाहीतले व्यवहार एकूण 10 लाख रुपयांच्या पुढे गेले, की त्याने दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचे. कंपनीने ते मिळाल्यापासून दोन ट्रेडिंग दिवसांत एक्स्चेंजला कळवायचे. म्हणजे कमाल चार ट्रेडिंग दिवस. पण हे चार दिवस पहिल्या खरेदीपासून मोजले जात नाहीत. मर्यादा ज्या दिवशी ओलांडली, त्या दिवसापासून ते सुरू होतात.

ऑगस्ट 2024 च्या कॅलेंडरवर एक काल्पनिक उदाहरण मांडून पाहू. एक संचालक सोमवारी 5 तारखेला 400 रुपयांनी 1,000 शेअर घेतो, म्हणजे 4 लाखांचे. बुधवारी 7 तारखेला त्याच भावाने आणखी 750 घेतो, 3 लाखांचे. आतापर्यंत 7 लाख झाले, कळवण्याचे बंधन नाही. मंगळवारी 13 तारखेला 420 रुपयांनी 1,200 शेअर घेतो, 5.04 लाखांचे. बेरीज 12.04 लाख झाली आणि मर्यादा ओलांडली. आता दोन ट्रेडिंग दिवस म्हणजे 14 आणि 16 तारीख, कारण 15 ऑगस्टला बाजार बंद. 16 ला कंपनीला कळले. मध्ये शनिवार-रविवार, मग 19 आणि 20. मंगळवारी 20 तारखेला नोंद जाहीर झाली. सगळे नियमात बसले, तरी पहिल्या खरेदीपासून पंधरा दिवस गेले.

हा मुदतीचा शेवटचा टोक झाला. ज्यांचे पॅन डिपॉझिटरीच्या, म्हणजे डीमॅट शेअरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेत नोंदलेले आहेत, त्यांचे व्यवहार आता थेट तिथून एक्स्चेंजकडे जातात, आणि अशा नोंदी सहसा लवकर दिसतात. ऑगस्ट 2021 पासून त्यांच्यासाठी कंपनीने वेगळा फॉर्म भरण्याची सक्तीही राहिलेली नाही. या आपोआप आलेल्या नोंदी कंपनीने पाठवलेल्या नोंदींपासून वेगळ्या दाखवल्या जातात. दोन्ही एकत्र जोडताना एकच खरेदी दोनदा मोजली जाणार नाही, एवढे पाहा.

आता गाळणी. एनएसईच्या Corporate Filings मध्ये Insider Trading उघडा, तीन महिन्यांचा कालावधी निवडा आणि सीएसव्ही उतरवून घ्या. पहिली चाळणी व्यवहाराच्या प्रकाराची: Buy आणि Market Purchase एवढेच ठेवा. ईसॉपचे शेअर पगाराचा भाग म्हणून येतात. भेट आणि कुटुंबातले हस्तांतरण म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. प्राधान्याने दिलेले शेअर कंपनीने ठरवलेल्या भावाने मिळतात. तारण ठेवणे आणि सोडवणे ही खरेदी नव्हेच. या ओळी काढल्या की यादी बरीच लहान होते.

त्यानंतर तीन रकाने जोडा. समजा F मध्ये शेअरसंख्या, G मध्ये रक्कम, I मध्ये पहिल्या आणि J मध्ये शेवटच्या खरेदीची तारीख, L मध्ये जाहीर झाल्याची तारीख आहे. बाजाराच्या सुट्ट्यांच्या तारखा Holidays नावाच्या शीटवर A रकान्यात, वर शीर्षक न देता, लिहून ठेवा.

```
=G2/F2
=NETWORKDAYS(I2,L2,Holidays!A:A)-1
=NETWORKDAYS(J2,L2,Holidays!A:A)-1
```

पहिले सूत्र सरासरी भाव देते. आपल्या उदाहरणात 12,04,000 भागिले 2,950, म्हणजे सुमारे 408 रुपये. दुसरे 10 दाखवेल, तिसरे 4. तिसरा आकडा 4 च्या वर गेला, तर कळवायला उशीर झाला असण्याची शक्यता धरा आणि मूळ फाइल उघडून तारखा पाहा. जाहीर झाल्याच्या तारखेला वेळ चिकटलेली असते आणि कधी कधी ती मजकूर म्हणून उतरते. मग सूत्र चूक दाखवते. अशा वेळी रकाना आधी तारखेत बदलून घ्या.

सरासरी भाव हाच खरा कामाचा आकडा. 20 तारखेला शेअर 465 ला असेल, तर तुम्ही संचालकापेक्षा सुमारे 14 टक्के महाग घ्याल. त्याला जे 408 ला स्वस्त वाटले, ते 465 लाही स्वस्त आहे, असे ही नोंद सांगत नाही. म्हणून आजचा भाव सरासरीच्या 5 टक्क्यांच्या आत असलेल्या कंपन्या आधी अभ्यासाला घ्याव्यात, असे आमचे मत. 5 हा आकडा सोयीचा आहे, नियम नव्हे.

रक्कमही सापेक्ष पाहा. शेकडो कोटींचे शेअर बाळगणाऱ्या प्रवर्तकाने 11 लाखांची भर घातली, तर त्यातून फारसे काही कळत नाही. वित्तप्रमुखाने स्वतःकडचे शेअर एका झटक्यात दीडपट केले, तर ती ओळ थांबून वाचावी. व्यवहाराआधीची आणि नंतरची संख्या नोंदीतच असते. प्रवर्तकांचे बरेच शेअर तारण असतील तर मात्र सावध राहा. भाव पडला की कर्ज देणारा जास्त तारण मागतो, त्यामुळे भाव टिकवण्यासाठीही खरेदी होते. कुणाकडे किती शेअर आहेत ते सांगणाऱ्या कंपनीच्या तिमाही तक्त्यात, म्हणजे शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, तारणाचा टक्का दिसतो.

तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तास होईपर्यंत आतल्या लोकांना व्यवहार करता येत नाहीत. त्यामुळे नोंदींची गर्दी निकालांनंतर होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात यादी रिकामी दिसली, म्हणून प्रवर्तकांचा विश्वास उडाला असा अर्थ काढू नका. आणखी एक फट लक्षात ठेवा: कुणी सबंध तिमाहीत 9 लाखांचेच शेअर घेतले, तर ते या यादीत येईलच असे नाही, कारण कळवण्याचे बंधन नसते. एकदा जाहीर केल्यानंतर पुढची नोंदही नव्याने 10 लाख ओलांडल्यावरच येते. प्रवर्तकांची अशी लहान भर तिमाही संपल्यावर 21 दिवसांत येणाऱ्या शेअरहोल्डिंग पॅटर्नशी ताडून पाहता येते.

वॉचलिस्टमध्ये कंपनी घालताना तिच्यापुढे सरासरी भाव, जाहीर झाल्याची तारीख आणि शेवटच्या खरेदीपासून सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. नेमून दिलेल्या व्यक्तींना खरेदीनंतर सहा महिने उलटा व्यवहार करता येत नाही, म्हणून त्याआधी त्यांची विक्री दिसली नाही यात विशेष काही नाही. उदाहरणातल्या संचालकासाठी ती तारीख 13 फेब्रुवारी 2025. त्यानंतरच्या पहिल्या खुल्या काळात त्याने विकले की ठेवले, ते तेव्हा याच पानावर बघायचे.