पाच मिनिटांच्या फिल्मसाठी कोणतं पुस्तक कधी उघडायचं

शॉर्टफिल्म करायची म्हटलं की कुणीतरी सिड फील्डचं ‘स्क्रीनप्ले’ (१९७९) हातात ठेवतं. पुस्तक चांगलं आहे, पण ते १२० पानांच्या पटकथेसाठी आहे. पहिलं मोठं वळण पंचविसाव्या पानाच्या आसपास, असा त्याचा हिशेब. मी तो हिशेब इमानदारीत भागून सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये सव्वा मिनिटाला वळण घातलं होतं. तोवर मुलगा कोण, हेच कुणाला कळलेलं नव्हतं. म्हणून ते पुस्तक सध्या कपाटात राहू द्या. कॉलेजात असताना दोन पातळ पुस्तकं पुरतात. एक लिहिण्याआधी वाचायचं, दुसरं एडिटला बसण्याआधी.

पहिलं, डेव्हिड मॅमेटचं ‘ऑन डायरेक्टिंग फिल्म’ (१९९१). कोलंबिया विद्यापीठातल्या वर्गात झालेलं बोलणं आहे, दोन संध्याकाळींत संपतं. साताऱ्यात दुकानात मिळेलच असं नाही, ऑनलाइन मागवावं लागतं. त्याचं म्हणणं साधं आहे. पात्राला या सीनमध्ये काय हवंय, ते एका वाक्यात लिहा. मग प्रत्येक शॉट नुसता एक गोष्ट दाखवणारा, साधा ठेवा. अर्थ दोन शॉट शेजारी आल्यावर प्रेक्षक स्वतः लावतो.

वाचून झालं की लगेच स्वतःच्या सीनवर करून बघा. आमचा सीन असा होता: मंगळवार पेठेतली चढाची गल्ली, पहाट, भाचा मामाची गाडी परत आणतोय आणि गाडीचा एक आरसा फुटलाय. पहिल्या खर्ड्यात तो मित्राला फोनवर सांगत होता, “मामाला कळलं तर काय खरं नाही रे.” दोन पानं नुसतं बोलणं. मग वहीत एक वाक्य लिहिलं: मामा उठायच्या आत गाडी जागेवर लावायची. त्यावरून शॉट असे निघाले.

१. फुटलेला आरसा, तुकड्यांत रस्त्यावरचा दिवा.
२. इंजिन बंद, गाडी ढकलणारे अनवाणी पाय.
३. हँडलला अडकवलेल्या चपला.
४. दोन बोटांनी उचललेली गेटची कडी.
५. फुटका आरसा भिंतीकडे करून लावलेली गाडी.
६. ओट्यावर मामा, हातात कंगवा, गाडीकडे येतोय.

फोन गेला आणि भीती राहिली. आरशावर सावकाश झूम किंवा मागे उदास बासरी लावायचा मोह होतो. तिथे मॅमेट आठवायचा. मात्र नटाने काही करूच नये, अशा सुरात तो बोलतो, ते फारसं मनावर घेऊ नका. आमच्या मामाने कंगवा खिशातून काढायला जो वेळ घेतला, त्यावरच हशा आला.

आता तपासणी. शॉटची यादी गोष्ट ठाऊक नसलेल्या मित्राला वाचून दाखवा. पाचव्या शॉटनंतरही “तो गाडी ढकलत का आणतोय?” असं त्याने विचारलं, तर मधला शॉट राहिलाय. संवाद घालून ते भोक बुजवू नका. वेळेचा अंदाजही पानांवरून घेऊ नका. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा इंग्रजी टाइपरायटरच्या ठरावीक मापाच्या अक्षरांवर आणि मांडणीवर बसलेला आहे, देवनागरीत तो चुकतो. सीन मनात घडवत मोठ्याने वाचा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा.

शूट झालं की दुसरं पुस्तक: वॉल्टर मर्चचं ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’. शूटच्या आधी वाचलं तर निम्मं डोक्यावरून जातं. कट कुठे मारायचा, याचे सहा निकष तो महत्त्वाच्या क्रमाने देतो: भावना, गोष्ट, लय, प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते, पडद्याच्या सपाट प्रतलावरची जुळणी आणि शेवटी प्रत्यक्ष जागेतली सलगता. एकट्या भावनेला तो ५१ टक्के देतो, सलगतेला चार. डिजिटल एडिटिंगवरचा मागचा भाग आता जुना झालाय, तो चाळला तरी चालेल.

आमच्याकडे पाचव्या शॉटमध्ये चपला डाव्या हँडलला होत्या, सहाव्यात उजव्या. सगळ्यांचं म्हणणं, तो टेक टाकून द्या. दुसऱ्या टेकमध्ये चपला बरोबर होत्या, पण भाचा मामाकडे नुसता बघत होता. चुकीच्या टेकमध्ये त्याने एक पाऊल सरकून आरसा पाठीने झाकला होता. आम्ही चुकीचा टेक ठेवला. कॉलेजात दोनदा दाखवली, चपलांबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.