जर्मनीत पाऊल ठेवताना: आधी कोणती अभिवादनं शिकावीत?

जर्मनीत कामासाठी किंवा शिकायला येणारे बरेच जण विभक्ती आणि लिंगं घोकून येतात, आणि पहिल्याच आठवड्यात बेकरीच्या काउंटरवर गप्प उभे राहतात. इथे दुकानात शिरल्यावर आधी अभिवादन, मग काम, आणि निघताना निरोप असा क्रम असतो. तो पाळला नाही तर कोणी काही बोलत नाही, पण समोरचा माणूस आखडतो. म्हणून पहिले काही दिवस फक्त एवढ्यावरच घालवा.

सुरुवात 'हालो'पासून करा. दुकान, शेजारी, समवयस्क सहकारी, सगळीकडे ते चालतं. त्यानंतर 'गूटन टाक' शिका. अनोळखी किंवा वयस्कर व्यक्ती, सरकारी कचेरी, बँक अशा ठिकाणी हेच शोभतं. शेवटी 'ग' लिहिलेला असला तरी उच्चार 'क' होतो. त्याच नियमाने 'गूटन आबंट'च्या शेवटी लिहिलेला 'ड' 'ट' होतो. सकाळी 'गूटन मॉर्गन', साधारण अकरापर्यंत. पुढे संध्याकाळी सहाच्या सुमारापर्यंत 'गूटन टाक' आणि त्यानंतर 'गूटन आबंट'. 'गूट नाख्ट' मात्र झोपायला जातानाच म्हणतात. रात्री आठला कोणाच्या घरी शिरताना ते म्हटलंत, तर आल्या आल्या निघालात की काय असं वाटेल.

निरोपाचा शब्द 'च्यूस'. यातला स्वर मराठीत नाही. ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. आरशासमोर करून पाहा; ओठ पसरले तर 'चीस' ऐकू येतं, आणि जीभ मागे गेली तर 'चूस'. कचेरीत 'आउफ वीडरजेएन' म्हणा. त्यातला 'ज' 'जरा'मधल्या 'ज'च्या जवळचा, पण जीभ दाताला न चिकटवता घासून काढलेला. फोनवर समोरचा दिसत नाही, म्हणून तिथे 'आउफ वीडरह्योरन'.

आता बेकरीतला पूर्ण प्रसंग पाहू. आत शिरताच 'गूटन मॉर्गन'. काउंटरवरची बाई 'बिट श्योन?' म्हणते, म्हणजे काय देऊ. 'च्वाय ब्र्योटशन, बिट', दोन पाव. 'च्वाय'मधला 'च' 'चमचा'मधला, 'चिंच'मधला नव्हे. हा फरक मराठी माणसाला आयताच येतो. 'झोन्स्ट नोख एट्वास?', आणखी काही? 'नाइन, डांक', नको, धन्यवाद. पैसे दिल्यावर ती म्हणते, 'श्योनन टाक नोख!' बहुतेक नवखे इथेच अडकतात, कारण हे उत्तर कोणी शिकवलेलं नसतं. 'डांक, एबनफाल्स!' म्हणायचं, म्हणजे 'तुमचाही', आणि जाता जाता 'च्यूस'.

दोन ठिकाणं आपल्या सवयीत नसतात. एक, डॉक्टरांकडची प्रतीक्षा खोली. आत येणारा कोणा एकाकडे न बघता सगळ्यांना मिळून अभिवादन करतो, बसलेले पुटपुटत उत्तर देतात, आणि उठून जाणारा निरोपही घेतो. दुसरं, इमारतीचा जिना. ओळख नसली तरी भेटणाऱ्या शेजाऱ्याला 'हालो' म्हणायचंच; मान हलवून हसणं अपुरं पडतं. रस्त्यावर मात्र अनोळखी माणसाला काही म्हणू नका. पत्ता विचारायचा असेल तर आधी 'एंटशुल्डिगुंग', म्हणजे माफ करा.

'वी गेट्स?', म्हणजे कसं काय, हे दुकानदाराला विचारायचं नसतं. ओळखीच्या माणसाने विचारलं तर 'गूट, डांक. उंट ईनन?' एवढं पुरतं. 'ईनन' आदरार्थी आहे. जवळच्या मित्राला 'उंट डीर?'. तू आणि तुम्ही यांचा हिशेब मराठीसारखाच आहे, पण तुम्हीवरून तू वर यायचं तर पुढाकार वयाने किंवा पदाने मोठ्याने घ्यायचा, नवख्याने नाही. नावातही तोच नियम: 'हेर' किंवा 'फ्राउ' यांच्यापुढे आडनावच लावतात. 'फ्राउ आना' म्हणणं चुकीचं. आपल्याकडच्या 'अनिताताई'ची जागा ते घेऊ शकत नाही. फोन उचलतानाही बरेच जण नुसतं आडनाव सांगतात, तेव्हा समोरून फक्त एक नाव ऐकू आलं तर गोंधळू नका.

तुम्ही कुठे राहायला जाता यावरही थोडं अवलंबून आहे. हॅम्बुर्ग आणि उत्तरेकडे दिवसभर, अगदी संध्याकाळीही, 'मॉइन' ऐकाल. म्युनिकच्या बाजूला 'ग्र्यूस गॉट', आणि ओळखीत 'झेर्वुस', जे भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा चालतं. तिथे पावाला 'झेमेल' म्हणतात. ही स्थानिक रूपं ऐकून समजली की पुरे; तोवर 'हालो' म्हणालात तरी अडत नाही. दुपारी जेवणाच्या वेळी ऑफिसात कोणी 'मालचाइट!' म्हणून गेलं, तर उत्तरही 'मालचाइट!' असंच द्या.