१००! च्या शेवटी २० शून्यं नसतात: या चुका टाळा

सदाशिव पेठेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गणित शिकवतो. दर नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात एक गणित घालतो: १ ते १०० हे सगळे आकडे एकमेकांना गुणले, म्हणजे १००! काढलं, तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतील? अर्ध्या मिनिटात निम्मा वर्ग हात वर करतो आणि म्हणतो, "सर, वीस." उत्तर चोवीस आहे.

मुळातली कल्पना सगळ्यांना येते. शेवटचं एकेक शून्य म्हणजे एकेक १०, आणि १० म्हणजे २ × ५. क्रमगुणितात २ भरपूर असतात, १००! मध्ये तर ते ९७ आहेत. ५ कमी पडतात, म्हणून ५ मोजायचे. गडबड होते ती हे ५ मोजताना.

पाचच्या पटी मोजून थांबणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा तपासली आहे. १०० ला ५ ने भागलं, २० आले, पेन खाली. पण २० ही पाचच्या पटींची संख्या झाली, पाचांची नव्हे. २५, ५०, ७५ आणि १०० या चौघांच्या पोटात दोन-दोन ५ आहेत. त्यांचे चार जादा ५ मोजायचे राहिले.

मागच्या वर्षी याच्यावरून वर्गात चांगलीच जुंपली. मी मुद्दाम छोटं गणित दिलं होतं, २५! चं. एक मुलगा म्हणाला ५, त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली ६. चहाच्या सुट्टीत तिसऱ्याने मोबाइलवर स्प्रेडशीट उघडली, एका खान्यात `=FACT(25)` टाकलं, खाना रुंद केला आणि धावत आला. "सर, दोघंही चुकले! बारा शून्यं आहेत, बघा!" स्क्रीनवर खरोखरच हे होतं:

```
15511210043331000000000000
```

मोजा, बाराच भरतात. वर्ग त्याच्या बाजूला गेला, कारण समोर यंत्राचं उत्तर होतं. पण स्प्रेडशीट पहिले १५ अंकच जपते. त्यापुढचे अंक तिच्याजवळ नसतात, तिथे ती शून्यं भरून दाखवते. त्या बारातली निम्मी शून्यं अशी भरतीची होती.

मग मी फळ्यावर २४! ची पूर्ण किंमत लिहिली: ६२०४४८४०१७३३२३९४३९३६००००. शेवटी चार शून्यं, ती ५, १०, १५ आणि २० यांची. आता याला २५ ने गुणायचं. मी तोंडी २५ ने गुणताना आधी ४ ने भागतो आणि मग दोन शून्यं जोडतो. एका मुलीला तसं करायला सांगितलं. तिने ४ ने भागलं, १५५११२१००४३३३०९८५९८४०००० आलं. चारही शून्यं जागच्या जागी राहिली, कारण त्यांच्या अलीकडच्या ३६ लाच ४ ने भाग गेला. मग तिने दोन शून्यं जोडली आणि झाली सहा. एकट्या २५ ने दोन शून्यं आणली, हे तिच्या हाताने फळ्यावर उमटलं. स्प्रेडशीटवाला मुलगा बराच वेळ दोन्ही आकडे एकाखाली एक धरून बघत होता. ०४३३३०९८५९८४ च्या जागी ०४३३३१ आणि पुढे शून्यं, एवढाच काय तो फरक.

माझी पद्धत साधी आहे. मी २५, १२५, ६२५ असे घात लिहीत बसत नाही. आलेल्या भागाकारालाच पुन्हा ५ ने भागतो, बाकी सोडून देतो आणि भागाकार एकाखाली एक मांडतो. १०० चे २०, २० चे ४, ४ चे ०. बेरीज २४. हे का चालतं ते एकदा समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. १००! मधल्या पाचच्या पटी म्हणजे ५×१, ५×२, असं करत ५×२०. प्रत्येकातला एक ५ बाहेर काढला की २० पाच हाती लागतात आणि मागे उरतं १×२×३…×२०, म्हणजे २०!. गणित तेच, आकडा लहान झाला. पुन्हा तेच करा.

"सरळ ४ ने भागा"

हा शॉर्टकट मुलं कुठून तरी पाठ करून येतात आणि मला त्याचा मनापासून राग आहे. १००/५ + १००/२५ + १००/१२५… ही बेरीज अपूर्णांकांसकट अखंड करत गेलात तर ती १००/४, म्हणजे २५ कडे जाते. पण अपूर्णांकातला ५ कुठल्याच आकड्यात नसतो, म्हणून प्रत्येक पायरीवर बाकी टाकावी लागते आणि खरं उत्तर नेहमी थोडं कमीच भरतं. किती कमी, ते आकड्यावर अवलंबून. १००! ला एकाचा फरक. ६२४ ला ४ ने भागून १५६ येतात, खरं उत्तर १२४ + २४ + ४ = १५२. पुढच्याच ६२५! ला मात्र १५६ शून्यं, कारण ६२५ मध्ये चार ५ आहेत. परीक्षेतले पर्याय १५२ आणि १५६ असेच असतात. ४ ने भागायचंच असेल तर ताळ्यासाठी भागा: उत्तर त्याच्याइतकं किंवा जास्त आलं, तर नक्की चुकलं.

हा ताळा हिंजवडीला मुलाखती देणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडला आहे. जावामध्ये बरेच जण `i` ला दर फेरीला ५ ने गुणत नेतात आणि `n / i` शून्य होईपर्यंत त्याची बेरीज करतात. `n` दोन अब्ज असेल तर ५ चा चौदावा घात `int` मध्ये मावत नाही, तो गुंडाळून भलताच धन आकडा होतो आणि लूप चालूच राहतो. उत्तर येतं ५०,००,००,००२, म्हणजे `n / 4` पेक्षाही जास्त. खरं उत्तर ४९,९९,९९,९९७. मी `i` ठेवतच नाही:

```java
int z = 0;
while (n > 0) {
    n /= 5;
    z += n;
}
```

मधली शून्यं मोजणं

७! = ५०४०. शेवटचं शून्य एकच.

उलट्या प्रश्नात उत्तर असेलच असं धरणं

"कोणत्या क्रमगुणिताच्या शेवटी बरोबर ५ शून्यं येतात?" कोणत्याच नाही. २४! ला चार, २५! ला सहा.

क्रमगुणित नसताना ५ मोजणं

घाई करणारे इथे हमखास सापडतात. प्रश्न असतो: ५ × १० × १५ × … × १०० च्या शेवटी किती शून्यं? सवयीने पाच मोजले जातात, २४ येतात, खूण केली जाते. पण या गुणाकारात ५ च्या पटीच आहेत, बाकीचे सम आकडे गळाले. "२ भरपूर असतात" हे इथे खरं नाही. वर केलं तसं प्रत्येकातून एक ५ बाहेर काढा. उरतं २०!, आणि सगळे २ त्यातच आहेत: १० + ५ + २ + १ = १८. पाच चोवीस, दोन अठरा. जोड्या अठराच जमतात, म्हणून शून्यंही अठराच.