पैसे देण्याआधी पावतीवरच्या जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर बघा

सेवा केंद्र कंपनीचं स्वतःचं आहे की डीलरचं, हे पैसे देण्याआधी ओळखता येतं. वस्तू दुरुस्तीला न्यायची असेल तर मूळ बिल, वॉरंटी कार्ड, चार्जर हे सगळं घ्यालच. त्यात एक गोष्ट वाढवा: वस्तूच्या खोक्यावरचा किंवा मागच्या लेबलचा फोटो, ज्यात उत्पादक किंवा आयातदार कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता येतो. ब्रँडचं नाव आणि कंपनीचं कायदेशीर नाव पुष्कळदा वेगळं असतं, आणि पुढे जुळवायला हे दुसरंच लागतं.

दुकानाच्या पाटीवर विसंबू नका. रंग, लोगो, कर्मचाऱ्यांचे टीशर्ट हे सगळं डीलरकडेही हुबेहूब तसंच असतं, कारण कंपनीच ते ठरवून देते. फोनवर "कंपनीतूनच बोलतोय" म्हणणारा माणूसही बहुतेक वेळा डीलरचा नोकर असतो. मोबाइल, वॉशिंग मशीन, एसी यांची बरीचशी सेवा केंद्रं अशीच स्वतंत्र धंदेवाल्यांची असतात. त्यात गैर काही नाही. फक्त आपण पैसे कोणाला देतोय हे माहीत हवं.

आता मुख्य गोष्ट, जी मागच्या वेळी मी आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर पाहिली: जीएसटी क्रमांक. पैसे देण्याआधी. जॉबशीटवर, म्हणजे वस्तू दुरुस्तीला घेताना दिलेल्या पावतीवर, वर मोठा लोगो असतो, तो सोडा. खाली बारीक अक्षरात पंधरा अक्षरांचा क्रमांक शोधा. जॉबशीटवर नसेल तर प्रवेशद्वाराजवळच्या नामफलकावर पाहा, नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो तिथे लावणं नियमाने बंधनकारक आहे. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. आणि पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या क्रमांकातलं सहावं, मालक कोण ते सांगतं: P असेल तर एकटा माणूस, F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी.

समजा जॉबशीटवर क्रमांक असा सुरू होतो:

```
27AAAPL1234C1Z
```

सहाव्या जागी P आहे. म्हणजे वर कितीही मोठा लोगो असो, हा धंदा एका व्यक्तीचा आहे, कंपनीची शाखा नाही. निकाल तिथेच लागला. C दिसला तर मात्र घाई नको, कारण डीलरचीही प्रायव्हेट लिमिटेड असू शकते. मग services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये पूर्ण क्रमांक टाका, लॉगिन लागत नाही. तिथे Trade Name आणि Legal Name अशी दोन नावं येतात. Trade Name कडे बघू नका, ते दुकानाचं नाव. Legal Name खोक्यावरच्या नावाशी शब्दन् शब्द जुळलं तर ती कंपनीची स्वतःची शाखा. कंपनीचं दुसऱ्या राज्यातलं एखादं बिल हाताशी असेल तर मधली दहा अक्षरं ताडून पाहा. राज्य बदललं तरी पॅन तोच राहतो. एक अडचण आहे: काही उद्योगसमूह विक्री किंवा सेवेसाठी वेगळीच उपकंपनी चालवतात. नाव अर्धवट जुळत असेल तर वॉरंटी कार्डावरच्या नंबरला फोन करून विचारा. नंबर गुगलवरून उचलू नका, तिथे बनावट हेल्पलाइनचे नंबर असतात.

हे सगळं पैसे देण्याआधी करायचं, नंतर नाही. उत्पादकाच्या वॉरंटीला कंपनी बांधलेली असते, पण डीलरने तोंडी दिलेला शब्द, "पार्ट आठवड्यात येईल", "अजून एक वर्ष आम्ही बघू", हा त्याचा एकट्याचा. त्याची डीलरशिप गेली तर आगाऊ रकमेसाठी कंपनी तुम्हाला सरळ त्याच्याकडे बोट दाखवेल. म्हणून असा शब्द बिलावर लिहून, सही-शिक्का घेऊनच पुढे व्हा. वाढीव वॉरंटी घेताय तर ती नेमकी कोणाच्या नावाने निघते ते कागदावर वाचा. ती बऱ्याचदा कंपनीची नसतेच.

क्यूआर स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव येतं. ते जीएसटीवरच्या नावाशी जुळायला हवं. भलत्याच माणसाचं नाव आलं तर पैसे देऊ नका, दुकानाच्या खात्याचा क्यूआर मागा.

डीलर अधिकृत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून त्याच दिवशी तपासा. दुकानात टांगलेलं प्रमाणपत्र मुदत संपलेलंही असू शकतं.

पार्ट बदलला तर जुना परत मागा, नियम म्हणून देता येत नसेल तर जॉबशीटवर तसं लिहून घ्या. बिल घ्या, कच्ची पावती नको. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर डीलर आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, आणि नोटिशीवर Legal Name घाला, पाटीवरचं नाव नको.