परीक्षेच्या तयारीसाठी रजेचा अर्ज : या चुका टाळा

आंब्याच्या हंगामात रत्नागिरीतील कॅनिंगच्या कारखान्यांत रजेचा अर्ज टेबलावर आला, की व्यवस्थापकांच्या कपाळावर आठी पडते. मे महिन्यात आंब्याच्या क्रेटांनी गेट भरलेले असते आणि विद्यापीठांच्या अनेक परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास येतात. काही वर्षे अशाच एका कारखान्याच्या आस्थापना विभागात रजेचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते. त्या काळात परत गेलेले बहुतेक अर्ज परीक्षेबद्दलच्या आकसामुळे परत गेले नाहीत. किती दिवस, कोणत्या आधारावर आणि मागे काम कोण पाहणार, यांपैकी एखादी गोष्ट त्यांत अर्धवट राहिलेली असे.

उदाहरणादाखल एक अर्ज घेऊ. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेखा सहायक म्हणून काम करणारी एक मुलगी दूरशिक्षणाने बी.कॉम. करीत आहे, असे समजू. तिचे पेपर १२, १४, १६, १९ आणि २१ मे २०२६ रोजी आहेत आणि साप्ताहिक सुट्टी रविवारी असते. तिने पहिल्यांदा लिहिलेला अर्ज असा होता : "माझी परीक्षा असल्यामुळे मला ८ मेपासून साधारण दोन आठवडे रजा मिळावी, ही विनंती." त्याखाली फक्त सही होती.

या एका वाक्यातील "साधारण" हा शब्द सर्वांत महागात पडतो. ८ ते २१ मे या १४ दिवसांतून १० आणि १७ तारखेचे दोन रविवार वगळले, तर कामाचे १२ दिवस उरतात आणि ऐन हंगामात १२ दिवस सलग सोडायला कोणी सहसा तयार होत नाही. वेळापत्रक समोर ठेवून पाहिले, तर तिला तेवढे दिवस लागतही नाहीत. पहिल्या पेपरापूर्वी शनिवार ९ आणि सोमवार ११ हे दोन दिवस, चौथ्या पेपरापूर्वी सोमवार १८ हा एक दिवस आणि पेपरांचे पाच दिवस, अशी आठ दिवसांची मागणी पुरते. ८, १३, १५ आणि २० तारखेला ती कामावर येऊ शकते. तयारीचे दिवस आणि प्रत्यक्ष पेपरांचे दिवस अर्जात वेगवेगळे लिहावेत, कारण मंजुरी देणारा पेपरांच्या दिवसांना क्वचितच हात लावतो. घासाघीस होते ती तयारीच्या दिवसांवर.

यानंतरची चूक रजेच्या प्रकाराची आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये पगारी रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी लेखी द्यावा आणि ती रजा वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा तुकड्यांत घेऊ नये, अशी तरतूद होती. अनेक कारखान्यांचे अंतर्गत नियम याच मापाने बेतलेले आहेत. वरच्या आठ दिवसांचे तुकडे मोजले तर ९ ते १२, मग १४, मग १६ ते १९ आणि शेवटी २१, असे चार होतात. सगळे दिवस अर्जित रजेत मागितले, तर नियमावर बोट ठेवून अर्ज परत येऊ शकतो. म्हणून ९ ते १२ आणि १६ ते १९ या दोन तुकड्यांतील सहा दिवस अर्जित रजेत घ्यावेत आणि १४ व २१ हे सुटे दिवस नैमित्तिक रजेत मागावेत. असे केल्याने दोन प्रकारच्या रजा एकमेकींना लागूनही येत नाहीत, जे बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मधले रविवार रजेत धरतात की नाही, हे मात्र अर्ज लिहिण्यापूर्वी आस्थापना विभागात विचारून घ्यावे, कारण ते धरले गेले तर आठाचे दहा दिवस होतात आणि शिल्लक रजा अपुरी पडू शकते.

पुराव्याच्या बाबतीत लोक हॉल तिकिटाची वाट पाहत बसतात. हॉल तिकीट बहुधा परीक्षा तोंडावर आली की मिळते, आणि तोपर्यंत अर्जाची १५ दिवसांची मुदत उलटून गेलेली असते. म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच परीक्षा अर्जाची प्रत, शुल्क भरल्याची पावती आणि विद्यापीठाचे वेळापत्रक जोडून अर्ज द्यावा व "हॉल तिकीट मिळताच दुसऱ्या दिवशी सादर करीन" असे त्यातच लिहावे. वेळापत्रकात आपल्या वर्षाचे आणि विषयांचे पेपर खुणा करून दाखवावेत, नाहीतर चार पानांच्या कोष्टकात तपासणाऱ्याला काहीही सापडत नाही. वेळापत्रकावर "तात्पुरते" असा शब्द असेल, तर तारखा बदलल्यास सुधारित अर्ज देईन, हे वाक्य आवश्यक आहे. आधार कार्डाची प्रत मात्र जोडू नये, तिचा इथे काही उपयोग नाही. परीक्षेऐवजी "घरगुती कारण" लिहिण्याचा मोहही टाळावा. रत्नागिरीसारख्या गावात परीक्षा केंद्राबाहेर कारखान्यातलेच कोणीतरी भेटते, हे मी एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे.

सर्वांत कच्चा भाग कामाच्या व्यवस्थेचा असतो. "माझे काम सहकारी पाहतील" या वाक्यातून व्यवस्थापकाला काहीही कळत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या कारखान्यात लेखा सहायकाच्या मे महिन्यातील तारखा ठरलेल्या असतात. एप्रिलचे जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ मे, भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याची १५ मे आणि जीएसटीआर-३बीची २० मे. म्हणजे तिने मागितलेली ११ तारखेची रजा नेमकी मुदतीच्या दिवशी येते. व्यवस्थापकाला ही तारीख पाठ असते, म्हणून तिचा उल्लेख आपणच आधी करावा. जीएसटीआर-१ शुक्रवारी ८ मे रोजी भरून पोचपावती फाइलला लावीन, निधीचे चलन १३ तारखेला तयार करीन आणि २० तारखेला ३बीसाठी कामावर असेन, असे लिहिल्यावर उरते ते फक्त रोजचे काम.

ते रोजचे काम म्हणजे बागायतदारांच्या वजनाच्या पावत्यांची नोंद. काट्यावरच्या सहकाऱ्याने पावत्या तारखेनुसार लावून ठेवाव्यात आणि लेख्यातील दुसऱ्या सहकाऱ्याने त्यांची टॅलीत नोंद करावी, असे दोघांचीही संमती घेऊन आणि नावे लिहून ठरवावे. संमती न घेता नाव लिहिले, तर पहिल्याच दिवशी तो सहकारी हात वर करतो. डिजिटल सहीचा डोंगल आपल्या खणात कुलूपबंद राहणे, ही याच भागातली आणखी एक नेहमीची फजिती. तो सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवून नोंद घ्यावी. पासवर्ड मात्र व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत.

सुधारलेल्या अर्जाचा मुख्य भाग असा होईल :

"महोदय, द्वितीय वर्ष बी.कॉम.च्या परीक्षेचे पेपर दि. १२, १४, १६, १९ व २१ मे २०२६ रोजी आहेत. त्यासाठी दि. ९, ११ व १२ आणि दि. १६, १८ व १९ मे असे सहा दिवस अर्जित रजा व दि. १४ आणि २१ मे असे दोन दिवस नैमित्तिक रजा मिळावी. यांपैकी ९, ११ व १८ हे तयारीचे दिवस आहेत. दि. ८, १३, १५ व २० मे रोजी मी कामावर हजर राहीन आणि शुक्रवार दि. २२ मे रोजी नेहमीच्या वेळी रुजू होईन. शुल्काची पावती, वेळापत्रक व कामाच्या व्यवस्थेचा तक्ता सोबत जोडला आहे."

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी, ई-मेलने दिला असल्यास उत्तर जपून ठेवावे, आणि मंजुरी लेखी आल्याशिवाय ९ तारखेपासून गैरहजर राहू नये. तोंडी "बघू" म्हणजे मंजुरी नव्हे. तयारीचे काही दिवस नाकारले गेले, तर आधी १८ तारीख सोडण्याची तयारी दाखवावी, कारण तिच्या आदल्या दिवशी रविवार मिळतोच. मात्र १८ सुटली, की १६ आणि १९ वेगळे पडतात आणि अर्जित रजेचे तुकडे तीन होतात. चौथ्याला जागा उरत नाही, म्हणून ही तडजोड मान्य करताना वर्षात आधी अर्जित रजा किती वेळा घेतली आहे, हे रजेच्या नोंदवहीत पाहून मगच होकार द्यावा.