भुरी धुतली, खोड कुजलं: हिवाळ्यात बेगोनियाला पाणी कसं द्यावं

परतीचा पाऊस उघडला, रात्री गार पडू लागल्या की सोलापूरच्या नर्सऱ्यांमध्ये बेगोनिया दिसायला लागतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा होईपर्यंत त्याला गिऱ्हाईक असतं. पानांवर भुरीचं पांढरं पीठ धरायला लागतं तेही नेमकं याच दिवसांत.

गेल्या हिवाळ्यात बार्शी रस्त्यावरच्या एका शेडनेटमधून मला बोलावणं आलं. एक काकी आणि त्यांचा मुलगा मिळून ही नर्सरी चालवतात. ऑक्टोबरअखेर त्यांनी मोठ्या दुहेरी फुलांच्या रिगर बेगोनियाची २४० रोपं आणून पाच इंची कुंड्यांत लावली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर मधल्या रांगांतल्या पानांवर पांढरे ठिपके आले. कोणीतरी सांगितलं की पाण्याच्या फवाऱ्यानं भुरी धुऊन जाते. मुलानं रोज संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, शॉवरच्या पाइपनं सगळी पानं धुवायला सुरुवात केली. दहा-बारा दिवसांत पीठ खरंच कमी झालं. मी पोचलो तेव्हा मात्र ३१ कुंड्यांमधली झाडं आडवी झाली होती. काकी म्हणाल्या, "साहेब, पीठ गेलं की. पण आता झाडंच मान टाकायलीत."

सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं, सल्ला अर्धा होता. आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदाराला यातलं मर्म लगेच कळेल. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला, ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही. बेगोनियाच्या भुरीचंही तसंच आहे. तिचा बीजाणू कोरड्या पानावर, नुसत्या हवेतल्या दमटपणावर रुजतो, पानावर पाणी साचलं तर उलट त्याची वाढ अडते. दिवसा कोरडी हवा, रात्री गारवा आणि कुंड्यांच्या दाटीत कोंडलेला दमटपणा हे तिला मानवतं. वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास ती जोमात असते, उन्हाळ्याच्या कडाक्यात थंडावते. खोड कुजवणाऱ्या बुरशींची गोष्ट वेगळी. मातीतली पिथियम आणि पडलेल्या फुलांवर वाढणारी करडी बुरशी, दोघींना पाणीच हवं. संध्याकाळी भिजवलेलं पान रात्रभर सुकत नाही. ते पाणी देठांच्या बेचक्यात आणि खोडाच्या बुडाशी उतरतं. बेगोनियाचं खोड काकडीसारखं रसाळ असल्यामुळे कूज एकदा शिरली की दोन-तीन दिवसांत खोड मऊ पडतं.

म्हणून पान न भिजवता पाणी द्या असं मी सांगतो ते मुख्यतः कुजीसाठी आणि पानावरचे जिवाणूजन्य डाग शिंतोड्यांनी पसरू नयेत म्हणून. तेवढ्यानं भुरी थांबेल असं समजू नका. भुरीसाठी हवा खेळती लागते.

औषधाकडे वळण्याआधी एक खात्री करून घ्या. सोलापूरचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ते पानावर सुकलं की क्षाराचे पांढरे डाग उरतात आणि अनेक जण त्यालाच भुरी समजून फवारण्या करतात. क्षाराचा डाग थेंबाच्या आकाराचा असतो, त्याची कड ठळक असते आणि व्हिनेगर लावलेल्या कापसानं तो निघतो. भुरीचा ठिपका पिठूळ असतो, बोटानं पुसला जातो, पण चार-पाच दिवसांत त्याच जागी परत येतो. कारण बुरशी वरवर पसरलेली दिसली तरी तिची मुळं पानाच्या वरच्या थरात रुतलेली असतात. शंका असेल तर डाग असलेल्या पानाच्या देठाला दोरा बांधा आणि चार दिवसांनी बघा. डाग वाढला असेल तर ती भुरी. रेक्ससारख्या रंगीत पानांच्या बेगोनियात मात्र कधी पांढरं पीठ ठळक दिसतच नाही, आधी तेलकट किंवा तपकिरी डाग येतात. तिथं पान उलटूनही पाहावं लागतं.

कूज ओळखायची तर मातीच्या रेषेवर खोड चिमटीत धरा. निरोगी खोड कडक लागतं, कुजलेलं दबतं आणि त्याची साल बोटाला येते. रंग काळपट, ओला आणि बुडाकडून वर चढणारा असेल तर दोष कुंडीत साचलेल्या पाण्याचा. सुरुवात मधल्याच एखाद्या सांध्यावर, चिकटून बसलेल्या सुकलेल्या फुलाखाली झाली असेल आणि तिथं करडी लव दिसत असेल तर भिजलेल्या पानाफुलांचा. काकींच्या ३१ कुंड्यांपैकी बहुतेकांत हे दुसरं होतं. बाकीच्यांत बुडाची कूज होती, आणि तिला आणखी एक कारण घडलं होतं. झाड मलूल दिसलं म्हणून त्यांनी त्याला जास्त पाणी दिलं. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. माती ओली आहे आणि तरी झाड मान टाकतंय, म्हणजे मुळं पाणी ओढू शकत नाहीत. अशा वेळी पाणी बंद ठेवायचं.

आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो. पहिल्याच दिवशी आडवी झालेली झाडं कुंडी आणि मातीसकट शेडबाहेर काढली. ती माती परत वापरायची नाही. कुंड्या आधी घासून धुतल्या आणि नंतर एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवल्या. उरलेल्या झाडांची पडलेली फुलं, पिवळी पानं आणि पीठ धरलेली पानं सकाळी, कोरडी असताना, अलगद खुडून थेट पिशवीत घेतली. ती झटकली की बीजाणू उडून शेजारच्या झाडावर बसतात.

मग कुंड्यांची मांडणी बदलली. आधी कुंडीला कुंडी चिकटलेली होती, आता शेजारच्या झाडांची पानं एकमेकांना लागणार नाहीत एवढं अंतर ठेवलं. जागा पुरेना तेव्हा ४० कुंड्या मागच्या ओसरीत हलवल्या. शेडचा बाजूचा पडदा सकाळी नऊला वर करून संध्याकाळी खाली सोडायचा असं ठरलं. हे काम बिनखर्चाचं असल्यामुळे लोक टाळतात, पण भुरीवर जो फरक पडला त्याचं श्रेय मी औषधाआधी यालाच देईन.

आता पाणी. डाळिंबाच्या बागेतून निघालेली ठिबकची सोळा मिलिमीटरची जुनी नळी, लॅटरल, त्यांच्याकडे पडून होती. तिच्यावर ताशी दोन लिटरचे ड्रीपर बसवून प्रत्येकातून एक बारीक मायक्रोट्यूब कुंडीत सोडली. तिचं टोक खोडाला न टेकवता कुंडीच्या कडेला ठेवलं. ताशी दोन लिटर म्हणजे सहा मिनिटांत साधारण २०० मिली, पाच इंची कुंडीला एका वेळी तेवढं पुरतं. जड पाण्यानं ड्रीपर चोंदतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पहिल्या आणि शेवटच्या नळीखाली पेला धरून सहा मिनिटांचं पाणी मोजायचं.

घरी दहा-वीस कुंड्या असतील तर एवढा खटाटोप नको. झारीचा फवारा काढून टाका आणि तिचं नुसतं तोंड पानांखाली नेऊन कुंडीच्या कडेनं पाणी सोडा. किंवा पसरट ट्रेमध्ये दोन-तीन सेंटीमीटर पाणी घेऊन त्यात कुंडी वीस-तीस मिनिटं ठेवा आणि मग काढून निथळू द्या. ट्रेमध्ये ती रात्रभर राहिली तर बुडाची कूज ठरलेलीच. असं खालून पाणी देणाऱ्यांनी महिन्यातून एकदा वरून, कडेकडेनं, तळाच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावं. नाहीतर आपल्या पाण्यातला क्षार मातीच्या वरच्या थरात साठतो आणि पानांच्या कडा करपतात.

पाणी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान द्या, म्हणजे चुकून शिंतोडा उडाला तरी दुपारपर्यंत सुकतो. पण रोजचा रतीब लावू नका. कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिंब असतं, त्यामुळे नजरेवर विसंबू नका. बोटाचं एक पेर आत घालून बघा, किंवा त्याहून बरं म्हणजे कुंडी उचलून बघा. पाणी दिल्यानंतर लगेच एक कुंडी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला की दोन दिवसांत हात तयार होतो. काकींकडे डिसेंबरात दर तिसऱ्या दिवशी पाणी पुरत होतं. तोवर त्या रोज देत होत्या.

भुरीसाठी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरलं, लिटरला पाच ग्रॅम आणि औषध पानाला चिकटून राहावं म्हणून थोडं स्टिकर. आधी तीन कुंड्यांवर मारून दोन दिवस थांबलो, पान करपलं नाही हे पाहून मग सगळ्यांवर आठ-आठ दिवसांनी तीन वेळा फवारलं. फवारणीनंही पान भिजतंच, म्हणून ती सकाळी लवकर करायची आणि त्या दिवशी पडदे उघडे ठेवायचे. द्राक्षाला चालतं म्हणून पाण्यात विरघळणारं गंधक बेगोनियावर बिनधास्त मारू नका. दुपार तिशीच्या वर गेली की कोवळं पान गंधकानं भाजतं, आणि आपल्याकडे नोव्हेंबरातही दुपारी तिशी गाठली जाते. निंबोळी तेल मारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक नकोच. बागेत उरलेली हेक्झाकोनॅझोलसारखी औषधंही जपून वापरा, त्या गटातल्या औषधांनी कोवळ्या शोभेच्या झाडांची वाढ खुंटू शकते. डाग पडलेलं पान कशानंही पुन्हा हिरवं होत नाही. नवी पानं स्वच्छ येतायत का, एवढंच बघायचं.

कुजलेल्या खोडाला औषध नाही. वरचा शेंडा मात्र वाचवता येतो. स्पिरिटनं पुसलेल्या धारदार चाकूनं कुजीच्या बरंच वर काप घ्या. कापलेल्या तोंडात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर या. आतून फिकट हिरवं, स्वच्छ दिसेपर्यंत कापत जायचं. आठ-दहा सेंटीमीटरचा शेंडा ठेवा, खालची पानं आणि सगळी फुलं काढा, काप तासभर सावलीत सुकू द्या आणि कोकोपीट व परलाइट निम्मे-निम्मे घेऊन त्यात लावा. परलाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू चालते. काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. रोप बदलतानाही खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा, बुडाशी भर लावू नका. ट्रायकोडर्मा ही कुजीच्या बुरशींना रोखणारी मित्रबुरशी. तो वापरायचा तर तो या नव्या मिश्रणात लावणीच्या वेळीच मिसळा, कूज दिसल्यावर वरून ओतून फारसं काही हाती लागत नाही.

आडव्या झालेल्या ३१ झाडांपैकी १९ शेंडे लावण्याजोगे निघाले आणि महिनाभरात त्यातले १३ रुजले. उभ्या राहिलेल्या २०९ कुंड्यांपैकी आणखी सात नंतरच्या आठवड्यात गेल्या, त्यांच्यात कूज आधीच शिरलेली होती. बाकीच्या यात्रेच्या आधी विकल्या गेल्या. रुजलेली तेरा रोपं काकींनी विकली नाहीत. फेब्रुवारीअखेर त्यांनी ती उत्तरेच्या भिंतीला, दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी हलवली. पुढच्या ऑक्टोबरात शेंडे घ्यायला घरचीच झाडं हवीत, असं त्यांनी ठरवलं होतं.